‘ओ’ गटालाही न जुळणारे रक्त : बॉम्बे रक्तगटाची पार्श्वभूमी

1952 मध्ये मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तीन व्यक्तींच्या रक्ताची नोंद प्रसिद्ध केली. या तिघांच्या लाल पेशींवर गट ठरवणाऱ्या ए आणि बी या रासायनिक खुणांपैकी, म्हणजे प्रतिजनांपैकी, एकही नव्हता, म्हणजे चाचणीत त्यांचा गट ‘ओ’च दिसत होता. परंतु त्यांचे सीरम, म्हणजे रक्तातील पेशीविरहित द्रव, ए आणि बी गटांच्या पेशींबरोबरच ओ गटाच्या पेशींनाही एकमेकींना चिकटवून त्यांचे पुंजके करत होते. ओ गटाच्या माणसाला ओ गटाचे रक्त चालते, या तोवर निर्विवाद मानल्या गेलेल्या समजुतीत हे बसत नव्हते.

ही समजूत व्हिएन्नातील कार्ल लँडस्टायनर यांच्या कामावर उभी होती. त्यांनी 1901 मध्ये स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या रक्ताचे सीरम व लाल पेशी वेगळ्या करून एकाचे सीरम दुसऱ्याच्या पेशींत मिसळून पाहिले, तेव्हा काही जोड्यांत पेशींचे पुंजके झाले आणि काहींत झाले नाहीत. त्यातून ए, बी आणि त्यांनी ‘सी’ म्हटलेला, आज ज्याला आपण ओ म्हणतो, असे तीन गट निघाले. एबी हा गट पुढच्याच वर्षी व्हिएन्नातच इतरांच्या कामातून पुढे आला. 1907 मध्ये न्यूयॉर्कच्या रूबेन ओटेनबर्ग यांनी रक्त चढवण्यापूर्वी रुग्णाचे सीरम आणि दात्याच्या पेशी एकत्र करून पाहण्याची पद्धत वापरली, आणि आजचे क्रॉसमॅचिंग त्याच कल्पनेवर चालते.

मुंबईतल्या नोंदीचे कारण प्रतिजनांच्या पायाशी होते. ए आणि बी प्रतिजन लाल पेशीवर थेट बसत नाहीत. आधी एच नावाचा प्रतिजन तयार होतो आणि त्याला एक विशिष्ट शर्करा जोडली की ए, दुसरी जोडली की बी होतो. ओ गटात ही शेवटची जोडणी होत नाही, त्यामुळे ओ पेशींवर एच भरपूर असतो. बॉम्बे गटाच्या व्यक्तीत एच बनवणारे विकरच निकामी असते, म्हणून त्यांच्या शरीराला एच परका वाटतो आणि एचविरुद्ध प्रतिपिंडे जन्माच्या पहिल्या काही महिन्यांनंतर आपोआप तयार होतात. हे प्रतिपिंड शरीराच्या तापमानालाही जोमाने काम करते, आणि खरा धोका यातच आहे.

समजा, अशा रुग्णाला नेहमीची ओ गटाची पिशवी लावली. प्रतिपिंडे काही मिनिटांतच दात्याच्या पेशींवर बसतात, रक्तातील पूरक प्रथिनांची साखळी सुरू होते, पेशींच्या आवरणाला छिद्रे पडतात आणि त्या रक्तवाहिनीतच फुटतात. मोकळे झालेले हिमोग्लोबिन लघवीत उतरून ती लालसर-तपकिरी होते. रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात आणि ठिकठिकाणी रक्त गोठत गेल्याने गोठण्याचे घटक संपून रुग्णाला अनिर्बंध रक्तस्राव सुरू होतो. जागा असलेला रुग्ण थंडी, ताप, कंबरदुखी किंवा सुई टोचलेल्या हातात जळजळ सांगतो. भूल दिलेला रुग्ण काहीच सांगू शकत नाही, म्हणून शस्त्रक्रियेत अकारण कमी होणारा रक्तदाब आणि न थांबणारा रक्तस्राव हीच खूण असते. म्हणूनच पहिल्या पंधरा मिनिटांत रक्त सावकाश सोडून रुग्णाजवळ कोणीतरी थांबते, आणि शंका येताच पिशवी बंद करून नव्या नळीने सलाईन चालू ठेवतात.

फक्त काचेच्या पट्टीवर रुग्णाच्या पेशींची चाचणी केली, तर बॉम्बे गट ओ म्हणूनच नोंदला जातो. चूक पकडली जाते ती पुढच्या दोन टप्प्यांत. उलट गटनिश्चितीत रुग्णाचे सीरम ए, बी आणि ओ अशा ज्ञात पेशींबरोबर तपासतात. इथे ओ पेशींच्या नळीतही पुंजके दिसले, तर तंत्रज्ञाने थबकायलाच हवे. क्रॉसमॅचिंगमध्ये ओ गटाची एकामागून एक पिशवी नाकारली जाते. एच ओळखणारा वनस्पतिजन्य अभिकर्मक रुग्णाच्या पेशींवर टाकल्यावर त्या चिकटल्या नाहीत, तर निदान जवळपास पक्के होते. माझ्या मते, ‘गट माहीत आहे, घाई आहे’ म्हणून क्रॉसमॅचिंग टाळणे किती घातक ठरू शकते हे समजायला यापेक्षा स्पष्ट उदाहरण नाही.

अशा रुग्णाला केवळ बॉम्बे गटाच्याच पेशी देता येतात. भारतात हा गट साधारण दहा हजारांत एक इतका आढळतो असे मानले जाते. लाल पेशींच्या पिशव्या पाच-सहा आठवडेच टिकत असल्याने साठा करून ठेवणेही अवघड, म्हणून रक्तपेढ्या अशा दात्यांच्या याद्या ठेवतात आणि नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचेच रक्त काढून ठेवण्याचा विचार करतात. शोध मात्र आधी घरातूनच सुरू होतो : आई-वडील दोघेही एकेक सदोष जनुक बाळगणारे असतील, तर रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाचा गट हाच असण्याची शक्यता चारांत एक असते.