माल पास झाला, पण विकला कुठे?

लायसन्सिंगमधे, म्हणजे आपलं ब्रँडनाव दुसऱ्या कंपनीला तिच्या मालावर वापरू देण्याच्या धंद्यात, 'क्वालिटी कंट्रोल' म्हटलं की लोक दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत टाकतात. एक म्हणजे माल कसा बनला ते बघणं, दुसरी म्हणजे तो कुठे आणि कसा विकला जातोय ते बघणं. पहिली सगळे करतात, दुसरीकडे बहुतेक वेळा लक्षच नसतं.

पहिलीचं काम सरळ असतं. आधी डिझाइन मंजूर, मग सॅम्पल, आणि मग चालू उत्पादनातला नग मागवून मंजूर केलेल्या सॅम्पलशेजारी ठेवून बघायचा. हा शेवटचा टप्पा बरेच जण गाळतात आणि तिथेच फसतात, कारण सॅम्पल नेहमीच झकास असतं, कापड पातळ होतं ते दुसऱ्या-तिसऱ्या लॉटला.

आता दुसरी. ख्रिश्चन डिओर या लक्झरी फॅशन ब्रँडने 2000 साली एका फ्रेंच कंपनीला आपल्या नावाने महागडी अंतर्वस्त्रं बनवायचं लायसन्स दिलं. करारात स्पष्ट होतं की लेखी परवानगीशिवाय डिस्काउंट स्टोअरला माल द्यायचा नाही. पुढे त्या कंपनीची पैशाची ओढाताण सुरू झाली, तिने परवानगी मागितली, डिओरने 2002 मधे नाही म्हटलं, तरी तिने कोपाड नावाच्या डिस्काउंटवाल्याला माल विकलाच. गंमत बघा, माल नकली नव्हता, लायसन्सवालीनेच बनवलेला होता. प्रकरण युरोपियन कोर्टात गेलं आणि 2009 मधे कोर्ट म्हणालं की लक्झरी वस्तूचा दर्जा फक्त कापड-शिलाईत नसतो, तिच्याभोवतीचं वलय पण दर्जाच आहे. अशा विक्रीने ते वलय खरंच डागाळतंय असं दिसलं तर मालक लायसन्सवाल्यावर ट्रेडमार्कचा दावा लावू शकतो, नुसता करारभंगाचा नाही. डागाळतंय का हे मात्र फ्रान्समधल्या कोर्टाने तपासायचं.

म्हणून सगळ्यांनी दुकानांवर बंधनं घालावीत असं नाही हां. कार्टूनचं चित्र असलेलं खेळणं स्वस्त दुकानात गेलं तर कुणाचं काही बिघडत नाही, पण त्याचा रंग पोराच्या तोंडात उतरला तर संपलंच, तिथे सगळा जोर पहिल्या तपासणीवर हवा. नाव जर दुर्मिळपणावर चालत असेल तरच दुसरी महत्त्वाची.

आणि ती दुसरी तपासणी करायची कशी, तर रॉयल्टी रिपोर्टमधून, म्हणजे नाव वापरल्याबद्दल लायसन्सवाला मालकाला जे पैसे देतो त्याच्या हिशोबातून. बहुतेक रिपोर्ट वस्तूनिहाय येतात, ते ग्राहकनिहाय मागायचे. रॉयल्टी विक्रीच्या टक्क्यावर असेल आणि नग दुप्पट होऊनही रॉयल्टी जागची हलली नसेल, तर समजा माल कुठेतरी अर्ध्या भावात जातोय. करार संपल्यावर उरलेला स्टॉक काढायला मुदत देतात ना, तेव्हा तर हे हमखास होतं, म्हणून कुणाला विकायचं नाही ती यादी त्या मुदतीलाही लागू आहे असं करारात वेगळं लिहून घ्यायचं.