प्रोटॉन वाटेत काहीच सोडत नाही का?

“कर्करोगाच्या उपचारात प्रोटॉनचा किरण निरोगी भागातून काही न करता जातो आणि सगळी ऊर्जा गाठीतच सोडतो, हे खरं ना?”

नाही. पाण्यात (शरीराचे मऊ भाग त्याच्या जवळचेच) शिरलेला १५० MeV ऊर्जेचा प्रोटॉन सुमारे १५.८ सेंटिमीटरवर थांबतो. त्यातली १०० MeV तो पहिल्या साडेतेरा सेंटिमीटरमध्येच खर्च करतो, म्हणजे दोन तृतीयांश ऊर्जा वाटेतच जाते! उरलेली ५० MeV शेवटच्या सव्वादोन सेंटिमीटरमध्ये संपते. वेग मंदावला की प्रोटॉन प्रत्येक इलेक्ट्रॉनजवळ जास्त वेळ रेंगाळतो आणि दर सेंटिमीटरला जास्त ऊर्जा गमावतो. सुरुवातीला हा दर सुमारे साडेपाच MeV असतो, १० MeV उरल्यावर पंचेचाळीसच्या आसपास. शेवटाला येणारी ही उसळी म्हणजेच ब्रॅगचं शिखर.

शिवाय हे शिखर अरुंद असतं. चार-पाच सेंटिमीटरची गाठ व्यापायला वेगवेगळ्या ऊर्जांचे किरण एकावर एक रचावे लागतात, आणि प्रत्येकाची वाटेतली किरणांची मात्रा त्वचेकडच्या भागात साठत जाते.

खरा फायदा गाठीच्या पलीकडे आहे: तिथे मात्रा जवळजवळ शून्यावर येते. पण सीटी स्कॅनवरून काढलेली प्रोटॉन थांबण्याची खोली काही मिलिमीटर चुकू शकते, म्हणून नियोजनात तेवढी जागा राखावीच लागते.