पार्श्वभूमी: फाइल उडवली, तरी जागा का सुटत नाही?

समजा, अंधेरीतल्या एका ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरवर `/var` साठी 50 जीबीचं वेगळं पार्टिशन आहे. ते भरत आलं म्हणून कोणीतरी 37 जीबीची लॉग फाइल `rm` ने उडवली. तरी `df` अजून 49 जीबी वापरात दाखवतो, आणि `du` म्हणतो फक्त 12 जीबी. दोघंही बरोबर आहेत. `du` डिरेक्टरीतून फिरत नावं सापडतील तेवढ्याच फाइली मोजतो. `df` थेट फाइलसिस्टिमला विचारतो की किती ब्लॉक मोकळे आहेत. मधले 37 जीबी नाव नसलेल्या, पण जिवंत असलेल्या फाइलचे आहेत.

या सगळ्याचं मूळ एका शब्दात आहे. आपण सर्रास ‘डिलीट’ म्हणतो, पण युनिक्समध्ये फाइल डिलीट करणारा सिस्टिम कॉलच नाही. आहे तो `unlink`, म्हणजे दुवा तोडणं. डिरेक्टरीत फक्त नाव आणि आयनोड क्रमांक असतो. फाइलचा आकार, परवानग्या, ब्लॉकांचा पत्ता हे सगळं आयनोडकडे. `rm` डिरेक्टरीतली नोंद खोडतो आणि आयनोडवरचा दुव्यांचा आकडा एकने कमी करतो. तो शून्य झाला, तरी एखाद्या प्रोग्रॅमने फाइल उघडून ठेवली असेल तर कर्नल ब्लॉक सोडत नाही. युनिक्सच्या 1979 मधल्या सातव्या आवृत्तीच्या हस्तपुस्तिकेतही हेच लिहिलं आहे: फाइल उघडी असेल तर प्रत्यक्ष नाश ती बंद होईपर्यंत लांबतो.

हा निर्णय योग्य होता का, यावर वाद होत आला आहे. दुसरा मार्ग विंडोजचा: फाइल वापरात असेल तर साधारणपणे ती काढूच द्यायची नाही. त्यात जागेचा हिशेब सरळ राहतो, हे मान्य. पण लिनक्सवर चालू सर्व्हिसखालची लायब्ररी अपडेट करता येते ती याच नियमामुळे. जुनी फाइल नावाविना मेमरीत मॅप होऊन राहते, नवी तिच्या नावावर येते आणि चालू प्रोग्रॅम कोसळत नाही. तात्पुरत्या फाइलींची जुनी युक्तीही यावरच चालते: फाइल उघडायची आणि लगेच तिचा दुवा तोडायचा. प्रोग्रॅम कसाही मेला तरी कचरा मागे राहत नाही. 2013 मध्ये लिनक्स 3.11 ने `O_TMPFILE` आणून मुळातच बिननावाची फाइल बनवायची सोय दिली. एवढं पदरात पडत असताना अधूनमधून `df` ने चकवणं ही किंमत जास्त नाही.

किंमत वसूल होते ती बहुधा लॉगमध्ये. लॉगरोटेटने जुनी फाइल दाबून उडवली, पण सर्व्हिसला फाइल पुन्हा उघडायचा सिग्नल मिळालाच नाही, तर ती त्या बिननावाच्या फाइलमध्येच लिहीत राहते. म्हणजे जागा सुटत तर नाहीच, उलट भरत जाते. शोधायचं असं:

```
sudo lsof +aL1 /var
```

दुव्यांचा आकडा एकपेक्षा कमी असलेल्या उघड्या फाइली यात दिसतात. आपल्या उदाहरणात एक ओळ येईल: PID 2417, FD `7w`, आकार 39728447488, NLINK 0, शेवटी `(deleted)`. `sudo` विसरलात तर दुसऱ्या युजरच्या प्रोसेस दिसणार नाहीत आणि सगळं ठीक आहे असं वाटेल.

सर्व्हिस रीस्टार्ट करणं हा सरळ उपाय. मात्र तोच डिस्क्रिप्टर एखाद्या चाइल्ड प्रोसेसकडेही असेल, तर ती थांबेपर्यंत जागा सुटत नाही. भर कामाच्या वेळी रीस्टार्ट शक्य नसेल तर फाइल जागच्या जागी रिकामी करता येते:

```
sudo sh -c ': > /proc/2417/fd/7'
```

`df` लगेच खाली येतो. हे फक्त लॉगवर करावं. डेटाबेसच्या तात्पुरत्या फाइलवर केलं तर चालू क्वेरीचा डेटा जाईल. आणि आधी `/proc/2417/fdinfo/7` मधली `flags` ओळ पाहावी. `0102001` सारख्या आकड्यात शेवटून चौथ्या जागी 2 असेल तर फाइल अपेंड मोडमध्ये आहे, आणि पुढचं लिखाण सुरुवातीपासून होईल. प्रोग्रॅम `>>` ऐवजी `>` ने सुरू केला असेल तर तिथे 0 दिसेल. मग तो 37 जीबीच्या जुन्या जागेवरूनच पुढे लिहितो: `lsof` मधला आकार पुन्हा 37 जीबी होतो, पण मधला भाग पोकळ असल्याने डिस्कवरची जागा फक्त नव्या ओळींपुरतीच जाते. अशा वेळी आकड्याला घाबरून पुन्हा रिकामी करत बसू नये, `df` पाहावा.