तिवरांची एक रांग पुरते का?

"खाडीकाठी तिवरांची एक रांग राखली की वादळाचं पाणी अडतं, आणि मासेही तिथेच अंडी घालतात ना?"

वाऱ्याच्या लाटा वेगळ्या, वादळात फुगून आत शिरणारं पाणी वेगळं. खोडामुळांत अडून लाटांची उंची १०० मीटरांत १३ ते ६६ टक्के उतरते. फुगलेलं पाणी मात्र किलोमीटरभर कांदळवनातून, म्हणजे तिवरांसारख्या खाडीकाठच्या झाडांच्या रानातून, जाताना जेमतेम ५ ते ५० सेंटिमीटर उतरतं. म्हणून रुंदी लागते. १९९९च्या चक्रीवादळात ओडिशातल्या केंद्रपाड्यात रुंद कांदळवनामागच्या गावांत माणसं कमी दगावली.

अंड्यांचं म्हणाल, तर पांढरी कोळंबी ती समुद्रातच घालते. पिल्लं भरतीबरोबर खाडीत येऊन मुळांच्या आडोशाला वाढतात. बांध घालून भरती तोडली की ही वाट बंद. शिवाय पाणी साचून राहिलं, तर तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळं गुदमरतात आणि झाड उभं वाळतं.