अनबॉक्सिंगची स्क्रिप्ट: एक तोंडाची, एक हातांची

मिक्सरचं अनबॉक्सिंग करायचं म्हटलं की कुणी दोन पानं मजकूर लिहून काढतं, कुणी चिठ्ठीवर सात-आठ ओळी खरडतं. दोघंही त्याला स्क्रिप्टच म्हणतात. पहिलीत तोंडाने काय बोलायचं ते लिहिलेलं असतं. दुसरीत हातांनी काय, कोणत्या क्रमाने उचलायचं आणि ते हातात असताना कोणती माहिती सुटता कामा नये, एवढंच असतं.

तोंडाची स्क्रिप्ट साधारण अशी वाजते: "या जबरदस्त मिक्सरमध्ये तुम्हाला मिळते ७५० वॉटची दमदार मोटर आणि वर्षानुवर्षं टिकणारी तीन प्रीमियम स्टीलची भांडी!" माहिती बरोबर असेलही, पण खोका अजून बंद आहे. भांडी न बघताच त्यांचं कौतुक उरकलं, हे प्रेक्षकाला लगेच कळतं. पुढे हात तोंडासाठी थांबतात: भांडं बाहेर काढून झालं तरी वाक्य संपलेलं नसतं, मग ते उगाच फिरवत बसावं लागतं. नजर लेन्सच्या जरा बाजूला, कागदावर जाते. अभिनय कितीही चांगला असला तरी ही दोन लक्षणं लपत नाहीत.

हातांच्या स्क्रिप्टमध्ये त्याच मिक्सरसाठी अशा ओळी असतात:

खोक्याची छापील बाजू – वॉट, एमआरपी, उत्पादनाचा महिना, कुठे बनलं
चटणीचं भांडं – किती मिलिलिटर, झाकणाचं रबर काढून दाखव
मोठं भांडं – पात्यांपर्यंत बोट जातं का, धुवायला कसं
मोटर उलटी – ओव्हरलोडचं बटण, रबरी पाय
वायर – सोडून टेपने मोज
वॉरंटी कार्ड – मोटरची वेगळी आणि बाकीची वेगळी असेल तर दोन्ही वाच

यात एकही पूर्ण वाक्य नाही, विशेषणही नाही. वाक्य कॅमेऱ्यासमोर, वस्तू हातात आल्यावर तयार होतं. "अरे, वायर मीटरभरच दिसतेय. माझ्या ओट्यापासून प्लग लांब आहे, पुरणार नाही." हे लिहून ठेवलं असतं तर नाटकी वाटलं असतं. टेप लावायची हे मात्र आधी ठरलेलं होतं, म्हणून मुद्दा सुटला नाही. ओव्हरलोडच्या बटणाचंही तसंच. मोटरवर जास्त ताण आला की मिक्सर बंद पडतो. थोडं थंड होऊ देऊन खालचं लाल बटण दाबलं की पुन्हा चालू होतो. अनेक घरांत याची खबर नसते आणि मिक्सर थेट दुरुस्तीला जातो. मोटर उलटी करायची ओळ चिठ्ठीवर नसेल, तर बोलण्याच्या ओघात हाच मुद्दा हमखास राहतो.

फाजील स्तुतीचा प्रश्नही इथे बराचसा सुटतो. अनबॉक्सिंगच्या दिवशी माणसाला दिसतं, मोजता येतं, फार तर एकदा वाटून बघता येतं. टिकाऊपणा त्या दिवशी कळूच शकत नाही, त्यामुळे "वर्षानुवर्षं" हा शब्द कंपनीच्या पत्रकातूनच आलेला असतो. त्याऐवजी भिजवलेली उडीद डाळ घालावी, घड्याळ लावावं आणि वाटण बोटांत घेऊन कॅमेऱ्याजवळ न्यावं. रवाळ राहिलं तर रवाळ म्हणावं. नव्या मोटरला पहिल्यांदा थोडा जळकट वास येऊ शकतो. तो आतल्या व्हार्निशचा असतो, आणि तो कापून टाकण्यापेक्षा सांगितलेला बरा. नंतरही वास येत राहिला किंवा धूर दिसला, तर मात्र बिघाड समजायचा.

मिक्सर कंपनीने फुकट पाठवला असेल, तर तेही सांगावं लागतं. जाहिरात क्षेत्राची स्वयंनियमन संस्था एएससीआय हिच्या २०२१ च्या नियमांनुसार, दोन मिनिटांच्या किंवा त्याहून मोठ्या व्हिडिओत ब्रँडबद्दलचा भाग चालू असेपर्यंत तशी पट्टी दिसली पाहिजे. अनबॉक्सिंगमध्ये म्हणजे जवळपास अख्खा वेळ.

हातांच्या स्क्रिप्टचा तोटा असा, की लांबी आवाक्यात राहत नाही आणि "तर", "म्हणजे" यांचा पाऊस पडतो. ते एडिटिंगमध्ये कापता येतं. शिवाय आकडे तोंडावर नीट येत नाहीत, म्हणून वॉट, मिलिलिटर आणि वॉरंटीची मुदत चिठ्ठीवर जशीच्या तशी लिहावी आणि पुठ्ठ्यावरून किंवा कार्डावरून उघडपणे वाचावी. वाचताना दिसलं तर त्यात लपवण्यासारखं काही नाही.

चित्रीकरण झालं की ओट्यावरचा पसारा आवरण्याआधी चिठ्ठीवर टिक करत जायचं. एखादी ओळ राहिलीच, तर फक्त त्या भागाचा जवळून शॉट घ्यायचा आणि आवाज नंतर जोडायचा. खोका पुन्हा चिकटवून पहिल्यांदा उघडल्यासारखं करू नये. दुसऱ्यांदा लावलेली टेप पुठ्ठ्याचा वरचा थर सोलत निघते आणि ते पडद्यावर स्पष्ट दिसतं.