निबंध माणसाचा की यंत्राचा, हे मजकूर पाहून सांगता येते का?

कोणीतरी एक निबंध जसाच्या तसा चिकटवून पाठवतो आणि सोबत एकच ओळ लिहितो, ‘हा यंत्राने लिहिला आहे का, ते पाहून सांगा.’ विचारणारा बहुधा शिक्षक असतो आणि त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर हवे असते. प्रामाणिक उत्तर मात्र असे आहे की केवळ अंतिम मजकूर हाती असेल, तर खात्रीने काहीही सांगता येत नाही. हा निरुत्सुकतेने टाळलेला प्रश्न नव्हे; असे का, याचे कारण ही तपासणी करणाऱ्या प्रणाली नेमके काय मोजतात यात आहे.

आधी सर्वांत सोपा वाटणारा मार्ग बाजूला सारू. मे २०२३ मध्ये अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या कॉमर्स या शहरातील शाखेतल्या एका शिक्षकाने विद्यार्थ्यांचे निबंध चॅटजीपीटीमध्ये चिकटवून ‘हे तू लिहिलेस का?’ असे त्यालाच विचारले आणि त्याच्या होकारावर विसंबून विद्यार्थ्यांचे गुण रोखले. या पद्धतीत मुळातच दोष आहे. चॅटजीपीटीसारख्या भाषा-प्रारूपाजवळ आपण कोणाला काय लिहून दिले याची नोंदवही नसते; समोरच्या प्रश्नाला शोभेल असे उत्तर ते शब्दामागून शब्द जुळवून तयार करते. शतकापूर्वीचा उतारा दाखवला तरी ते ‘होय, माझाच’ असे म्हणू शकते.

तपासणीसाठी मुद्दाम बनवलेल्या प्रणाली याहून शास्त्रीय असतात. त्यांपैकी अनेकींच्या मुळाशी एकच राशी आहे, ती म्हणजे पर्प्लेक्सिटी, अर्थात मजकुराची अनपेक्षितता. भाषा-प्रारूपाला वाक्याचा आरंभ दिला की पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता किती, हे ते आकड्यांत सांगते. ‘काल संध्याकाळी मुसळधार पाऊस पडला’ हे वाक्य घेऊ. गणिताच्या सोयीसाठी असे मानू की ‘काल’नंतर ‘संध्याकाळी’ येण्याची शक्यता आठात एक, त्यानंतर ‘मुसळधार’ येण्याची सोळात एक, ‘मुसळधार’नंतर ‘पाऊस’ येणे जवळपास निश्चित आणि त्यापुढे ‘पडला’ येण्याची दोनात एक आहे. ८, १६, १ आणि २ यांचा गुणाकार २५६ होतो. पहिल्या शब्दानंतर ओळखायचे शब्द चार असल्यामुळे त्याचे चौथे मूळ काढायचे, ते ४ येते. याचा अर्थ असा की हे वाक्य वाचताना प्रारूपापुढे दर शब्दाला सरासरी चार समसमान पर्याय होते. आता ‘पाऊस’च्या जागी ‘टाळ्या’ हा शब्द ठेवून ‘काल संध्याकाळी मुसळधार टाळ्या पडल्या’ असे लिहिले आणि त्या शब्दाची शक्यता ४०९६ मध्ये एक धरली, तर, बाकीचे आकडे तेच ठेवून, पर्प्लेक्सिटी एकदम ३२ होते. एका शब्दाच्या निवडीने वाक्याचा आकडा आठपट झाला.

प्रणालीचा तर्क यापुढे सरळ आहे. यंत्र बहुतांशी संभाव्य शब्द निवडते, म्हणून त्याच्या मजकुराची अनपेक्षितता कमी असते; माणूस अधूनमधून आडवळणाचा शब्द वापरतो, म्हणून त्याची जास्त असते. अमुक मर्यादेच्या खाली आकडा गेला की मजकूर यंत्राचा ठरवायचा. परंतु येथे मोजला गेला तो मजकुराचा सरधोपटपणा. त्याचा उगम मोजला गेलेला नाही, आणि सरधोपट लिहिणारी माणसे पुष्कळ असतात. परीक्षेसाठी ठरीव साच्यात निबंध लिहायला शिकलेला विद्यार्थी किंवा परक्या भाषेत मोजक्या शब्दसंग्रहावर काम भागवणारा लेखक साहजिकच अपेक्षित शब्द निवडतो. उलट बाजूही तितकीच अडचणीची आहे. यंत्राला नेमकी कोणती सूचना दिली होती हे प्रणालीला ठाऊक नसते. विचित्र सूचना दिली तर विचित्र मजकूर निघतो, आणि सूचना न पाहता तोच मजकूर वाचला की तो अगदी मानवी वाटतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये हे प्रत्यक्ष तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी सात प्रणालींपुढे ठेवले. सरासरीने त्यांतले ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले, आणि १८ निबंधांच्या बाबतीत तर सातही प्रणालींचे या चुकीवर एकमत झाले. अमेरिकेतील आठवीच्या मुलांचे निबंध मात्र याच प्रणालींनी जवळजवळ अचूक ओळखले. पुढची गंमत अशी की त्याच टोफेल निबंधांची शब्दयोजना चॅटजीपीटीकडून समृद्ध करून घेतल्यावर चुकीचे आरोप १२ टक्क्यांच्या आसपास उतरले, म्हणजे यंत्राचा हात लागल्यावर निबंध अधिक मानवी ठरले.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःची ओळखप्रणाली काढली होती. कंपनीच्याच चाचणीत ती यंत्राचे २६ टक्केच मजकूर ‘यंत्राचा असण्याची शक्यता आहे’ असे ओळखत होती आणि माणसांच्या ९ टक्के मजकुरांवर चुकीचा शिक्का मारत होती. अचूकता कमी असल्याचे सांगून त्याच वर्षी जुलैमध्ये ती मागे घेण्यात आली. तरीही समाजमाध्यमांवर ‘हे दहा शब्द किंवा लांब डॅश दिसले की मजकूर यंत्राचा’ अशा याद्या फिरत असतात. हस्ताक्षरावरून स्वभाव सांगणाऱ्यांच्या दाव्यांना जितका आधार असतो, तितकाच या याद्यांना आहे.

प्रणाली सुधारली तरी एक अडचण उरतेच. समजा, एक हजार निबंधांपैकी शंभर यंत्राचे आहेत, प्रणाली त्यांतले ८० पकडते आणि माणसांच्या निबंधांत फक्त ५ टक्के वेळा चुकते. माणसांचे निबंध ९०० असल्यामुळे त्या ५ टक्क्यांत ४५ जण सापडतात. शिक्का बसलेल्या एकूण १२५ जणांपैकी ४५ निर्दोष, म्हणजे दर तिघांत एकापेक्षा अधिक. यंत्राचे निबंध शंभराऐवजी वीसच असतील, तर खरे १६ सापडतील आणि निर्दोष ४९ अडकतील. ‘९५ टक्के अचूक’ ही जाहिरात वाचताना हा हिशेब कोणी करत नाही.

मग शिक्षकाने काय करावे? मजकुराऐवजी तो घडण्याची प्रक्रिया पाहावी. टेक्सासच्या त्या प्रकरणातही एका विद्यार्थ्याची सुटका झाली ती दस्तऐवजात वेळेसह नोंदल्या गेलेल्या बदलांमुळे. कच्चा खर्डा, खोडलेली वाक्ये, जागा बदललेले परिच्छेद हा पुरावा शब्दांच्या शक्यतांहून कितीतरी ठोस असतो, मात्र तो आधीपासून जपून ठेवायला सांगितलेला हवा. त्यालाही मर्यादा आहे, कारण यंत्राचा मजकूर सावकाश टंकून नोंदींचा देखावा उभा करता येतो. आणि नोंदी नाहीत म्हणून कोणी दोषी ठरत नाही. म्हणून त्याच्या जोडीला दहा मिनिटांचे संभाषण ठेवावे. ‘हा दाखला येथेच का घेतला?’, ‘तिसऱ्या परिच्छेदातील विधान चुकीचे ठरले तर तुमचा निष्कर्ष टिकेल का?’ असे त्या निबंधापुरतेच प्रश्न विचारावेत. उत्तरे देताना विद्यार्थी अडखळला तर तो घाबरलेला असू शकतो, तेव्हा प्रश्न आधी लेखी देऊन विचाराला वेळ द्यावा. प्रणालीचा आकडा पाहायचाच असेल, तर तो हे संभाषण सुरू करण्यापुरता पाहावा, आणि तो आकडा विद्यार्थ्यालाही दाखवावा. इतके करूनही शंका फिटली नाही, तर त्याच विषयाचा एक भाग समोर बसवून लिहून घ्यावा आणि गुण त्या लेखनाला द्यावेत. आधीच्या निबंधाबद्दल शिक्षेचा शेरा मारू नये.