रेफरन्स आधी स्वतःचा शूट करायचा, ही पद्धत आली कुठून

आज अंधेरी-गोरेगावच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत कुणी शॉट हातात घेतला की आधी मोबाईल स्टँडवर लावतो आणि स्वतःच अ‍ॅक्टिंग करून रेफरन्स व्हिडिओ घेतो, पण याची मुळं शंभर वर्षांपेक्षा जुनी आहेत. मॅक्स फ्लायशरने १९१५ मध्ये रोटोस्कोपच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९१७ मध्ये ते मिळालं, आणि जोकरचे कपडे घालून कॅमेऱ्यासमोर उभा राहिला त्याचाच भाऊ डेव्ह. त्या फिल्मची एकेक फ्रेम काचेवर पाडून वरून ट्रेस करायची, एवढंच.

खरं वळण आलं १९३७ च्या 'स्नो व्हाइट'च्या वेळी. डिस्नेने मार्ज चॅम्पियन या डान्सरला शूट केलं, फ्रेम्सचे फोटो अ‍ॅनिमेटर्सना दिले, आणि त्यांच्या लक्षात आलं की जसंच्या तसं ट्रेस केलं तर कॅरेक्टर तरंगल्यासारखं, वजन नसल्यासारखं दिसतं. मग फोटो बघायचा, त्यातली पोज समजून घ्यायची, आणि ती जास्त ठळक करून काढायची असं सुरू झालं. मला वाटतं आपण आज जे करतो ते इथून आलंय, रोटोस्कोपमधून नाही. याच डिस्नेत काम केलेला क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनला आला आणि राम मोहन वगैरे मंडळी त्याच्या हाताखाली शिकली.

आता एक शॉट घेऊ, कॅरेक्टर २० लिटरचा पाण्याचा कॅन उचलतंय. कॅन भरलेलाच घ्या, रिकामा घेऊन वजनाची अ‍ॅक्टिंग केली की पाठ आणि खांदे खोटं बोलतात आणि ते व्हिडिओत लगेच कळतं. माझ्या मोबाईलच्या सेकंदाला ३० फ्रेम्सच्या व्हिडिओत हात कॅनला लागला २० व्या फ्रेमला, कॅन जमिनीवरून सुटला ४० व्या, आणि माणूस सरळ उभा राहिला ६० व्या. शॉट सेकंदाला २४ फ्रेम्सचा, म्हणजे प्रत्येक आकडा ०.८ ने गुणायचा, तर झालं १६, ३२ आणि ४८. हे न करता तेच आकडे टाइमलाइनवर टाकले तर दोन सेकंदांचं काम अडीच सेकंदांचं होतं आणि सगळं पाण्याखाली चालल्यासारखं वाटतं. कमी उजेडात मोबाईल मध्येमध्ये फ्रेम रेटही बदलतो, म्हणून फाइल आधी एका ठराविक रेटला कन्व्हर्ट करूनच मोजायचं.

आणि बघा, हात लागल्यापासून कॅन सुटेपर्यंतच्या १६ फ्रेम्समध्ये कॅन जागचा हलतही नाही, पण अख्खं वजन तिथेच आहे, कंबर मागे जाते, कोपरे ताणले जातात, एक पाय सरकतो. म्हणून की-पोज, म्हणजे शॉटमधल्या मुख्य पोज, घेताना मी हात लागल्याची, ताण सगळ्यात जास्त असल्याची आणि कॅन सुटल्याची अशा तीन घेतो, आणि मधल्या पोजमध्ये कंबर व्हिडिओपेक्षा आणखी खाली नेतो. टायमिंग व्हिडिओचंच ठेवायचं, पोज मात्र आपली.